फोडणीच्या शेजारची खिडकी
स्वयंपाकघरासाठी रोलर ब्लाइंड आणि त्याचं कापड निवडताना

स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावणं बऱ्याच घरांत टाळलं जातं, आणि त्याला कारण आहे. सुती पडदा चार-सहा महिन्यांत पिवळट आणि चिकट होतो, त्याला फोडणीचा वास धरतो, आणि खिडकी उघडी असली की तो वाऱ्याने उडून गॅसकडे येतो. मग काचेवर दुधी फिल्म चिकटवली जाते किंवा खिडकी तशीच उघडी राहते. पश्चिमेची खिडकी असेल तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ओट्यापाशी उभं राहणं कठीण होतं. समोरची इमारत जवळ असेल तर दिवसभर कुणाची तरी नजर घरात येते.

अशा खिडकीला रोलर ब्लाइंड हा चांगला उपाय आहे. नळीवर गुंडाळलं जाणारं सपाट कापड, बाजूला एक चेन, बस. त्याला चुण्या नाहीत, झालर नाही, आणि नको असेल तेव्हा ते वर दोन इंचांच्या गुंडाळीत मावतं. अडचण कापडाची आहे. दुकानात जे नमुने पुढे ठेवले जातात, ते बहुतेक दिवाणखाना आणि झोपायची खोली डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. त्यातलं सुंदर दिसणारं कापड स्वयंपाकघरात लावलं, तर ते वर्षाच्या आत खराब होऊ शकतं. म्हणून रंग आणि नक्षी पाहण्याआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात: तेल कापडाच्या वर राहतं की आत मुरतं, वाफेने ओलं झालेलं कापड किती लवकर सुकतं, आणि ते ओल्या फडक्याने पुसता येतं का.

तेल खिडकीपर्यंत कसं पोचतं

तळणाचं किंवा फोडणीचं तेल साधारण 170 ते 180 अंश सेल्सिअसला असतं. त्यात कढीपत्त्याचं ओलं पान किंवा पाणी सुटलेला कांदा पडला, की त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ होताना तिचं आकारमान दीड हजार पटींहून जास्त वाढतं. हा छोटासा स्फोटच तेलाचे थेंब उडवतो. मोठे थेंब ओट्यावर आणि टाइल्सवर पडतात. बारीक थेंब मात्र गरम हवेबरोबर वर जातात आणि तरंगत राहतात. चिमणी त्यातले बरेच ओढून घेते, सगळे नाही. उरलेले थेंब जिथे हवा जाते तिथे जातात, आणि स्वयंपाकघरातली हवा साधारणपणे खिडकीकडे किंवा खिडकीतल्या एक्झॉस्ट फॅनकडेच वाहत असते. वाटेत ब्लाइंड असेल, तर ते थेंब त्यावर बसतात.

ताजं बसलेलं तेल पातळ असतं आणि भांड्यांच्या साबणाने निघतं. खरा त्रास नंतर सुरू होतो. काही तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतात. त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि शेवटी तेलाचा पिवळट, चिवट थर तयार होतो. जवसाचं तेल रंगात आणि व्हार्निशमध्ये वापरतात ते याच गुणामुळे. आपल्या स्वयंपाकातली सूर्यफूल, करडई आणि सोयाबीन ही तेलं याच बाजूला झुकणारी आहेत. शेंगदाण्याचं तेल त्या मानाने सावकाश घट्ट होतं. खोबरेल जवळजवळ होतच नाही. ते साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं, पण पुन्हा ऊब मिळाली की वितळतं, त्याचं व्हार्निश होत नाही. त्यामुळे घरात कोणतं तेल वापरलं जातं, यावर ब्लाइंड किती दिवसांनी पुसायचं हे ठरतं. सूर्यफूल किंवा करडईच्या घरात आठवड्यापलीकडे थांबू नये.

ऊन आणि उष्णता ही क्रिया वेगाने घडवतात, आणि ब्लाइंड तर नेमकं उन्हात लटकलेलं असतं. शिवाय चिकट थरावर धूळ बसते. कपाटाच्या वरच्या फळीवर जो राखाडी चिकटा सापडतो, तोच इथेही तयार होतो. फरक एवढाच की फळी खरवडता येते आणि कापड खरवडता येत नाही.

कापडाचे चार प्रकार

बाजारात ब्लाइंडची शेकडो कापडं असली, तरी स्वयंपाकघराच्या दृष्टीने त्यांचे चार गट पुरतात.

पहिला गट सुती, लिनन, ताग अशा नैसर्गिक धाग्यांचा. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत 100 ग्रॅम सुती कापड साधारण साडेआठ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कुकरची वाफ आणि कोकण किंवा मुंबईचा पावसाळा एकत्र आले, की असं कापड नीट सुकतच नाही. बुरशीला धाग्यातच अन्न मिळतं, म्हणून काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. तेलही धाग्याच्या आत शिरतं. हा गट स्वयंपाकघरासाठी सरळ बाद करावा.

दुसरा गट साध्या पॉलिएस्टरचा. दुकानात सर्वांत जास्त नमुने याचेच असतात. पॉलिएस्टर त्याच परिस्थितीत 100 ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी पाणी धरतं, त्यामुळे ते वाफेला घाबरत नाही. ‘हे पॉलिएस्टर आहे, काही होत नाही,’ असं विक्रेता म्हणतो ते पाण्यापुरतं खरं आहे. पण पाण्याला दूर ठेवणारा हा धागा तेलाला मात्र जवळ करतो. तेलाचा थेंब त्यावर पसरतो, धाग्यांच्या मधल्या बारीक जागांत शिरतो आणि साबणाचं पाणी तिथवर सहज पोचत नाही. काही पॉलिएस्टर कापडांवर डाग न धरणारी प्रक्रिया केलेली असते. तिच्यामुळे सुरुवातीला तेलाचा थेंब गोळा होऊन वर राहतो, पण वारंवार पुसण्याने ही प्रक्रिया झिजत जाते. पॉलिएस्टरच्या मागे प्रकाश अडवण्यासाठी फोमसारखा ॲक्रिलिक थर दिलेला असेल तर आणखी सावध राहावं. सतत वाफ आणि तेल लागलं की हा थर मऊ पडतो, गुंडाळीत शेजारच्या वळशाला चिकटतो आणि उलगडताना त्याचे पापुद्रे निघतात.

तिसरा गट स्क्रीन कापडाचा. यात पॉलिएस्टरच्या किंवा काचतंतूच्या प्रत्येक धाग्यावर आधी पीव्हीसीचं आवरण चढवतात आणि मग तो धागा विणतात. आवरणामुळे तेल धाग्याच्या आत जाऊ शकत नाही, बाहेरच राहतं. विणीत बारीक छिद्रं असतात. कापडाच्या क्षेत्रफळाचा किती भाग उघडा आहे, ते टक्क्यांत सांगतात: 1, 3, 5 किंवा 10 टक्के. छिद्रांतून वाफ आरपार जाते, कापड दोन्ही बाजूंनी सुकतं, दिवसा बाहेरचं दिसतं आणि उन्हाची तिरीप कमी होते. मर्यादा दोन. चाळणीसारखीच याची छिद्रं चिकट्याने भरू शकतात, म्हणून गॅसच्या अगदी जवळ हे कापड नको. आणि रात्री घरात दिवा लागला की बाहेरून आतलं दिसतं, टक्केवारी जास्त असेल तर अगदी स्पष्ट.

चौथा गट पूर्ण सपाट व्हायनिल आवरणाच्या कापडाचा. याला छिद्रं नाहीत, वीणही हाताला फारशी लागत नाही. तेल पूर्णपणे वर राहतं आणि एका फडक्यात निघतं. पुसण्याच्या सोयीत याला तोड नाही. पण यातली बरीच कापडं प्रकाश पूर्ण अडवणारी असतात. खाली सोडली की भरदिवसा दिवा लावावा लागतो. वाफ त्यांच्यातून जात नाही, त्यामुळे काचेकडच्या बाजूला ओल साचते.

माझा निर्णय सोपा आहे. गॅसच्या ज्योतीपासून खिडकी दोन ते चार फुटांवर असेल तर सपाट व्हायनिल, आणि त्यातही उजेड थोडा झिरपू देणारं मिळालं तर उत्तम. चार फुटांपलीकडे असेल तर 3 टक्क्यांचं स्क्रीन. दोन फुटांच्या आत असेल तर तिथे कोणतंच कापड लावू नये. पॉलिएस्टर साधारण 250 ते 260 अंशांना वितळतं, पीव्हीसी तर त्याच्या कितीतरी आधी, 80 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं. उघड्या ज्योतीशेजारी दोन्ही नकोत. तिथे काचेवरची फिल्मच बरी.

झेब्रा ब्लाइंड सध्या लोकप्रिय आहेत, त्यांच्याबद्दल एक वाक्य पुरे. त्यात कापड दुहेरी असतं, पारदर्शक पट्टे जाळीचे असतात, आणि दोन थरांच्या मध्ये फडकं नीट फिरवता येत नाही. म्हणून स्वयंपाकघरात ते नकोत.

दुकानातून तुकडा आणा

विक्रेत्याच्या शब्दावर किंवा नमुन्याच्या वहीवर न थांबता, पसंत पडलेल्या कापडाचे तळहाताएवढे तुकडे मागून घ्यावेत. ऑर्डर देणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सहसा मिळतात. घरी तीन गोष्टी कराव्यात.

पहिली तेलाची. घरात वापरता त्याच तेलात चिमूटभर हळद घालून गरम करा, निवू द्या आणि त्याचा थेंब कापडावर ठेवा. अर्ध्या तासाने कागदी रुमालाने टिपा, मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून पुसा. तेल मागच्या बाजूला उमटलं असेल, तर ते कापड बाद. हळदीचा रंग तेलात विरघळतो, त्यामुळे तेल जिथवर गेलं तिथवर तो रंग दिसतो. साबण लागल्यावर डाग लालसर झाला तर घाबरू नका. हळद साबणाच्या किंवा सोड्याच्या संपर्कात लाल होते. हलका पिवळा डाग उरला तर तुकडा दोन दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, बराचसा उडतो. पण हळदीमागोमाग राहिलेला तेलकट गडद डाग उन्हाने जात नाही, आणि तोच आपल्याला पाहायचा आहे.

दुसरी वाफेची. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर तुकडा वीतभर उंचीवर दहा मिनिटं धरा. हात भाजू नये म्हणून चिमट्याने. मग ओला असतानाच घट्ट गुंडाळून रबर लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी उलगडताना मागचा थर पुढच्या बाजूला चिकटला, कापड एका बाजूला वळलं, किंवा कडा लाटेसारखी झाली, तर हेच खिडकीवरही होणार.

तिसरी कडेची. कडेचा धागा नखाने ओढून पाहा. स्क्रीन कापडाची कड साध्या कात्रीने कापली असेल तर धागे सुटतात आणि सुटलेल्या धाग्यांत चिकटा भरतो. उष्णतेने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राने कापलेली कड बंद झालेली असते. ऑर्डर देताना तसंच कापून द्यायला सांगावं.

चेन, क्लच आणि गुंडाळी

रोलर ब्लाइंड दोन पद्धतीने चालतं. जुन्या पद्धतीत नळीच्या आत स्प्रिंग असते. कापडाची खालची पट्टी हाताने धरून ओढायची, मग सोडायची. अमेरिकेत स्टुअर्ट हार्टशॉर्न यांनी अशा स्प्रिंग रोलरचं पेटंट 1864 मध्ये घेतलं होतं. दिवाणखान्यात ती पद्धत ठीक आहे. स्वयंपाकघरात हाताला कणीक किंवा हळद असते आणि तोच हात दर वेळी कापडाला लागतो. चेनच्या पद्धतीत हात कापडाला लागतच नाही, म्हणून इथे चेनच हवी.

चेनचे मणी एका दातेरी चाकावर बसतात. ते चाक ज्या भागात असतं त्याला क्लच म्हणतात. क्लचच्या आत एका स्थिर दांड्याभोवती घट्ट स्प्रिंग गुंडाळलेल्या असतात. चेन ओढली की स्प्रिंग सैल पडते आणि नळी फिरते. चेन सोडली की कापडाचं वजन स्प्रिंग उलट्या बाजूने आवळतं आणि ब्लाइंड जिथल्या तिथे थांबतं. म्हणजे ब्लाइंडला थांबवून धरणारी गोष्ट घर्षण आहे. चेन जड चालू लागली म्हणून क्लचमध्ये शिलाई मशीनचं तेल किंवा कुठलाही स्प्रे मारू नये. त्याने पकड ढिली पडू शकते, आणि त्या तेलावर धूळ बसून काही दिवसांत चेन आणखी जड होते. स्वयंपाकघरात चेन जड होण्याचं कारण बहुतेक वेळा मण्यांवर बसलेला चिकटा हेच असतं. साबणाच्या फडक्यात चेन धरून ती पूर्ण फिरवली, मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडी केली की काम होतं. चेन प्लास्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्यावी. मुलामा दिलेली स्वस्त धातूची चेन दमट हवेत काळी पडते.

आता गुंडाळीकडे पाहू, कारण रोलर ब्लाइंडचा सर्वांत मोठा फायदा तिच्यातच आहे. 38 मिलिमीटर व्यासाच्या नळीवर अर्धा मिलिमीटर जाडीचं सव्वा मीटरच्या आसपास कापड गुंडाळलं, तर गुंडाळीचा व्यास साधारण 48 मिलिमीटर होतो. तिचा शेवटचा वळसा सुमारे 15 सेंटिमीटरचा असतो. म्हणजे फोडणी आणि तळण करताना ब्लाइंड वर गुंडाळलेलं असेल, तर जेमतेम अर्धा फूट कापड उघडं राहतं. बाकीचं सगळं आत सुरक्षित असतं. ब्लाइंड खाली सोडल्यावर हा अर्धा फूट खालच्या पट्टीच्या लगेच वर येतो, नेमका हाताशी. आठवड्याला तेवढाच पट्टा पुसला तरी ब्लाइंडची बरीच वर्षं वाढतात.

याला एकच अट आहे: ओलं ब्लाइंड गुंडाळू नये. पॉलिएस्टरचा किंवा पीव्हीसीचा धागा बुरशीला आवडत नाही, पण त्यावर बसलेला धूळ-तेलाचा थर आवडतो, आणि ओल्या गुंडाळीत हवा खेळत नाही. आडवे काळसर पट्टे दिसू लागले तर समजावं की ब्लाइंड ओलं असतानाच गुंडाळलं जात आहे. स्वयंपाकाआधी ते वर घ्यावं, आणि वाफ निवल्यावर पुन्हा खाली सोडून सुकू द्यावं.

खालची पट्टी ॲल्युमिनियमची आणि कापडाला बाहेरून बसवलेली मागावी. कापड दुमडून शिवलेल्या खिशात पट्टी घातली असेल तर त्या खिशात पाणी आणि तेल साचतं आणि तिथूनच वास सुरू होतो.

एक खिडकी, मापासकट

हे सगळं एका खिडकीला लावून पाहू. समजा ठाण्यातला फ्लॅट आहे. ओट्यामागे पश्चिमेची खिडकी, खाली सिंक, उजवीकडे गॅस. खिडकीच्या उजव्या कडेपासून सर्वांत जवळची ज्योत सव्वाचार फुटांवर आहे. खिडकीला ग्रॅनाइटची चौकट, वरच्या एका फुटाच्या पट्ट्यात एक्झॉस्ट फॅन, खाली साडेतीन फूट उंचीची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी. आतल्या बाजूला चौकटीची तीन इंच खोली मोकळी.

पहिला प्रश्न फॅनचा. ब्लाइंड चौकटीच्या माथ्याला लावलं तर ते फॅनसमोर येईल, आणि वाफ बाहेर जाण्याचा रस्ताच बंद होईल. म्हणून नळीचे ब्रॅकेट फॅनच्या पट्ट्याखाली, चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या ग्रॅनाइटला लावायचे. बहुतेक ब्रॅकेट असे बाजूलाही बसतात. फक्त ऑर्डर देताना सांगावं लागतं. तीन इंच म्हणजे 75 मिलिमीटर खोलीत 48 मिलिमीटरची गुंडाळी बसते, आणि चौकटीच्या आत असल्यामुळे सिंकचा उंच नळही कापडाला लागत नाही. ग्रॅनाइटला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायला सांगा, नाहीतर कड उडते.

दुसरं माप. रुंदी तीन ठिकाणी मोजायची. समजा वर 1197, मधे 1200 आणि खाली 1204 मिलिमीटर भरली. सर्वांत लहान, 1197, हेच माप धरायचं. त्यातून जागेसाठी पाच मिलिमीटर वजा करून ब्रॅकेटसह ब्लाइंड 1192 चं होईल. पण कापड तेवढं रुंद नसतं. एका टोकाला क्लच आणि दुसऱ्या टोकाला पिन असते, त्यामुळे कापड सुमारे 35 मिलिमीटरने कमी, म्हणजे 1157 भरेल. दोन्ही बाजूंना मिळून 40 मिलिमीटरची फट राहील. झोपायच्या खोलीत ही फट त्रास देते. स्वयंपाकघरात ती उपयोगी आहे, तिच्यातून वाफ बाहेर पडते. उंची 1070 मिलिमीटर. कापड त्याहून हातभर नाही तरी वीतभर जास्त मागावं, म्हणजे पूर्ण सोडल्यावरही नळीवर एक-दीड वळसा उरतो.

तिसरं कापड. ज्योत चार फुटांपलीकडे आहे, ऊन पश्चिमेचं आहे, उजेड हवा आहे. 3 टक्क्यांचं स्क्रीन, रंग फिका राखाडी किंवा बदामी. पांढऱ्यावर हळद लगेच दिसते, आणि फार गडद रंग पश्चिमेच्या उन्हात तापतो.

चौथी चेन. गॅस उजवीकडे, म्हणून चेन डावीकडे. चेनवर स्टॉपरचा मणी असा लावून घ्यायचा, की ब्लाइंड खालच्या कट्ट्याच्या दोन इंच वर थांबेल. मग सिंकचं पाणी पट्टीला लागत नाही, आणि कुणी चेन ओढतच राहिलं तरी कापड पूर्ण उलगडून उलट्या बाजूने गुंडाळलं जात नाही.

बसवून झाल्यावर कारागीर जायच्या आत ब्लाइंड चार-पाच वेळा वर-खाली करून पाहा. कापड वर जाताना एका बाजूला सरकत असेल, तर आधी पाणसळ लावून नळी समपातळीत आहे का ते तपासायला सांगा. नळी बरोबर असूनही कापड डावीकडे सरकत असेल, तर ब्लाइंड पूर्ण खाली सोडून उघड्या नळीच्या उजव्या टोकाला टेपचा एक तुकडा लावतात. त्या बाजूचा घेर किंचित वाढतो आणि कापड उजवीकडे येतं. हे न करता सोडून दिलं तर कापडाची कड ब्रॅकेटला घासते आणि काही महिन्यांत उसवते.

पुसणं, आणि काय लावू नये

आठवड्याच्या पुसण्याला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब आणि मऊ फडकं पुरतं. आधी कोरड्या फडक्याने धूळ काढा, नाहीतर ओल्या फडक्याने तिचा चिखल होऊन छिद्रांत बसतो. मग साबणाचं फडकं, मग साध्या पाण्याचं, मग कोरडं, आणि पूर्ण सुकेपर्यंत ब्लाइंड खालीच राहू द्या.

सहा महिन्यांतून एकदा ब्लाइंड काढून पुसावं. क्लचच्या विरुद्ध टोकाची पिन आत दाबली की नळी ब्रॅकेटमधून सुटते. टेबलावर जुनी चादर अंथरून कापड उलगडा आणि दोन्ही बाजूंनी स्पंजने पुसा. नळी आणि क्लच पाण्यात बुडवू नका, आणि वॉशिंग मशीनचा विचारही नको.

जुना चिकटा निघत नाही म्हणून घरात दोन गोष्टी हमखास वापरल्या जातात, आणि दोन्ही नुकसान करतात. रॉकेल किंवा थिनर चिकटा विरघळवतं, पण पीव्हीसीला मऊ ठेवणारी द्रव्यंही काढून घेतं. कापड कडक होतं आणि गुंडाळीत तडकतं. शिवाय ज्वलनशील द्रव लागलेलं कापड ज्योतीच्या खोलीत लटकवणं धोक्याचंच. दुसरा धुण्याचा सोडा. तो तेल काढतो, पण ॲल्युमिनियमला खातो; पट्टी आणि नळी काळपट होते. घट्ट झालेल्या डागावर साबणाचं कोमट पाणी भिजवलेलं फडकं पंधरा मिनिटं ठेवून मग पुसा, आणि गरज पडली तर हेच पुन्हा करा. तरीही निघत नसेल तर ते तेल आता व्हार्निश झालं आहे, आणि कापड बदलणं हाच मार्ग उरतो. नळी, क्लच आणि ब्रॅकेट चांगले असतील तर फक्त कापड बदलून मिळतं. नवीन ब्लाइंड विकत घेण्याआधी तेवढं विचारावं.

चेनचा फास

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर. चेनचा वेढा लहान मुलाच्या गळ्यात अडकून जीव जाऊ शकतो. असे मृत्यू अनेक देशांत झाले आहेत आणि त्यामुळेच तिथे नियम कडक झाले. युरोपच्या ईएन 13120 या मानकात 2014 मध्ये बदल झाले. त्यानुसार चेनचा वेढा जमिनीपासून किमान दीड मीटर उंच राहिला पाहिजे, किंवा चेन भिंतीशी ताणून धरणारं साधन हवं. आपल्या ठाण्याच्या खिडकीत नळी जमिनीपासून सुमारे 2120 मिलिमीटरवर आहे. तिथे 600 मिलिमीटर लांबीचा वेढा मागितला तर त्याचं खालचं टोक 1520 मिलिमीटरवर येईल. माप नियमात बसतं, आणि चेनचा वेढा अखंड असल्यामुळे लहान चेननेही ब्लाइंड पूर्ण वर-खाली होतं.

पण हे माप जमिनीपासूनचं आहे, आणि स्वयंपाकघरात ओटा असतो. 85 सेंटिमीटर उंचीच्या ओट्यावर चढलेल्या मुलापासून तोच वेढा जेमतेम 67 सेंटिमीटरवर, म्हणजे थेट गळ्याच्या उंचीवर येतो. म्हणून स्वयंपाकघरात उंची पुरेशी असली तरी चेन ताणून धरणारा होल्डर भिंतीला स्क्रूने बसवलाच पाहिजे. तो बहुतेक वेळा ब्लाइंडबरोबर पिशवीत येतो आणि तसाच पिशवीत राहतो. कारागिराला पैसे देण्याआधी तो भिंतीला लावून घ्या. घरात लहान मूल नसलं तरी लावा. पाहुण्यांबरोबर मुलं येतात.